फेणीच्या क्रोमॅटोग्राममधला ४.६६ चा पीक, आणि रिपोर्टात काय लिहायचं

प्रश्न: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी काजू फेणीचं जीसी केलंय, वॅक्स कॉलम, एफआयडी. स्टँडर्ड मेथॅनॉल ४.६२ मिनिटांना येतं, माझ्या सॅम्पलमध्ये ४.६६ ला पीक आला. इंटर्नल स्टँडर्ड ३-पेंटॅनॉल, तो ९.१० च्या जागी ९.११ ला आला. मी लिहिलं, 'फेणीत मेथॅनॉल आढळलं.' गाईडनी वाक्य खोडलं आणि म्हणाले वर्णन नीट करून आण. गोंधळलेय. वर्णन म्हणजे नेमकं काय लिहू?

उत्तर:

तू म्हणतोय, राग मानू नकोस, माझी मुलगी साधारण तुझ्याच वयाची आहे. मी फोंड्याला राहतो आणि वेर्ण्याच्या बाजूला क्यूसीत चोवीस वर्षं झाली, त्यातली बरीच जीसीसमोर. मधली काही वर्षं एका खासगी लॅबमध्ये होतो, तिथं सीझन संपला की फेणीची सॅम्पलं यायची. म्हणून तुझा आकडा वाचल्या वाचल्या मला एक जुनी गोष्ट आठवली, ती खाली सांगतो.

आधी तुझं वाक्य बघू. 'फेणीत मेथॅनॉल आढळलं' या तीन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्यात. एक म्हणजे कागदावर काय दिसलं, दुसरी म्हणजे ते कशाशी जुळलं, आणि तिसरी म्हणजे त्यावरून तू काय मानतेस. डिटेक्टरनं फक्त पहिली गोष्ट सांगितलीय. एफआयडी म्हणजे एक छोटी हायड्रोजनची ज्योत, तिच्यात कार्बन-हायड्रोजन असलेलं जवळजवळ काहीही जळलं की करंट वाढतो आणि रेषा वर जाते. काय जळलं ते ज्योतीला कळत नाही. नाव आपण देतो, तेही फक्त वेळेवरून. आणि एकाच वेळेला दोन जण कॉलममधून बाहेर पडू शकतात ना. गाईडनी खोडलं ते बहुतेक याच्यासाठी.

आता तुझे आकडे. ०.०४ मिनिटांचा फरक म्हणजे काही नाही असं वाटतं, आणि कधीकधी तो खरंच काही नसतो. कॅरियर गॅसचा फ्लो जरा हलला, सेप्टम गळतोय, ओव्हन नीट स्थिर व्हायच्या आधी रन सुरू केली, सगळ्यात वेळा सरकतात. पण तेव्हा सगळ्यांच्याच सरकतात, एकट्या पीकची नाही. इंटर्नल स्टँडर्ड आपण घालतो ते फक्त क्वांटिटीसाठी नाही, तो या बाबतीत साक्षीदार पण असतो. तुझा ३-पेंटॅनॉल ९.१० वरून ९.११ ला गेला, म्हणजे जागचा हललाच नाही म्हटलं तरी चालेल. फ्लो हलला असता तर तोही ठळकपणे पुढं सरकला असता. भागाकार करून बघ, स्टँडर्डमध्ये ४.६२ भागिले ९.१० म्हणजे ०.५०८, सॅम्पलमध्ये ४.६६ भागिले ९.११ म्हणजे ०.५१२. आकडा छोटा आहे पण लागोपाठच्या पाच-सहा स्टँडर्ड रनमध्ये हा रेशो तिसऱ्या दशांशात किती हलतो ते काढ. तिथं तो ०.५०८ वर घट्ट बसत असेल तर सॅम्पलचा ०.५१२ काहीतरी सांगतोय.

इथं एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती तू लिहिली नाहीस, स्टँडर्ड कशात केलंस? पाण्यात केलं असशील तर आधी ते बदल. फेणीत बेचाळीस-त्रेचाळीस टक्के इथेनॉल, आणि वॅक्स कॉलमवर मेथॅनॉल त्याच्या अगदी पुढं निघतं. एवढा मोठा इथेनॉलचा लोंढा मागून येत असला की शेजारच्या छोट्या पीकचा आकार आणि वेळ दोन्ही जरा बिघडतात. म्हणून स्टँडर्ड तेवढ्याच टक्क्याच्या इथेनॉल-पाण्यात करायचं, आणि तेच इथेनॉल-पाणी ब्लँक म्हणून आधी चालवायचं, कारण बाटलीतल्या चांगल्या ग्रेडच्या इथेनॉलमध्ये सुद्धा थोडं मेथॅनॉल असू शकतं. हे केल्यावर ०.०४ चा फरक गेला तर छान, अर्धी चिंता मिटली. गेला नाही तर पुढचं वाच.

ती जुनी गोष्ट. एका भाटीवाल्याची फेणी आमच्याकडं मे महिन्यात आली होती, मेथॅनॉल निघालं शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागं २८ ग्रॅम. व्यवस्थित. तीच खेप काचेच्या बरणीत ठेवलेली, आठेक महिन्यांनी परत आली तेव्हा आकडा निघाला ४३. आम्ही तसंच लिहून दिलं आणि त्या माणसाची खेप अडकली. तो स्वतः लॅबमध्ये आला, बाटली टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाला, "बाबा, बंद बरणीत हें वाडलें कशें?" त्या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं, आणि प्रश्न अगदी बरोबर होता. मेथॅनॉल येतं कुठनं, तर काजूच्या बोंडूतल्या पेक्टिनमधनं. कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडीत, बोंडू तुडवले, रस काढला, तो आंबला, की फळातलंच एन्झाइम पेक्टिनचे मिथाइल गट तोडतं आणि मेथॅनॉल सुटतं. पेक्टिन काही गाळायच्या भाण्यातनं वाफेबरोबर वर येत नाही. म्हणजे एकदा गाळलं की नवीन मेथॅनॉल तयार व्हायला कच्चा मालच उरत नाही. अल्कोहोलची टक्केवारी परत मोजली, तीही ४२.८ च्या ४२.८. मग वाढलं ते काय?

मी दोन्ही वेळचे क्रोमॅटोग्राम छापून काचेवर एकावर एक ठेवले आणि मेथॅनॉलचा भाग मोठा करून बघितला. मे महिन्यातला पीक सुईसारखा, दोन्ही उतार सारखे. नंतरच्या पीकचं टोक जरासं उजवीकडं आणि उजवा उतार खाली येता येता मध्येच थोडा पसरट होऊन परत उतरलेला, म्हणजे माणसाच्या खांद्यासारखा. अर्ध्या उंचीवरची रुंदी स्टँडर्डमध्ये ०.०३५ मिनिटं, इथं ०.०६ च्या जवळ. सॉफ्टवेअरला हे दिसलं नाही, त्यानं सगळ्याला मिळून एकच एरिया दिला आणि वेळेच्या खिडकीत बसतो म्हणून नाव पण चिकटवलं. खिडकी आम्हीच ०.१ मिनिटाची ठेवली होती, ती फार मोठी होती.

तो खांदा होता अ‍ॅसिटालचा, पूर्ण नाव १,१-डायइथॉक्सीइथेन. फेणीत अ‍ॅसिटाल्डिहाइड असतोच, इथेनॉल तर भरपूर, आणि थोडी आंबट परिस्थिती असली की दोघं मिळून साठवणीत हळूहळू अ‍ॅसिटाल बनवतात. वॅक्स कॉलमवर इथाइल अ‍ॅसिटेट, अ‍ॅसिटाल आणि मेथॅनॉल हे तिघं एकमेकांना खेटून येतात, त्यात कॉलम जुना झाला की त्यांची एकमेकांतली अंतरं बदलतात. आमचा कॉलम बराच वापरलेला होता. नवीन कॉलम लावला, ओव्हनचं सुरुवातीचं तापमान खाली आणून तिथं जास्त वेळ थांबवलं, दोन पीक सुटे झाले आणि मेथॅनॉल परत निघालं २८. उरलेला भाग अ‍ॅसिटालचा. रिपोर्ट मागे घेतला, नवीन दिला, पण त्या माणसाचे मधले आठवडे गेले ते गेलेच. तेव्हापासून मी नावाआधी पीकचा आकार लिहितो.

म्हणून तुझ्या ४.६६ बद्दल माझा अंदाज असा की तिथं मेथॅनॉल आहेच, बोंडूच्या दारूत ते असणारच, पण ते एकटं नसावं. अंदाज आहे हां, तुझा क्रोमॅटोग्राम मी बघितलेला नाही. फेणी ताजी असेल तर हा अंदाज चुकू शकतो. तपासायचं कसं ते सांगतो, सोप्यापासून सुरुवात करू.

पहिलं म्हणजे झूम. पूर्ण क्रोमॅटोग्राम बघून काही कळणार नाही, इथेनॉलचा डोंगर बाकी सगळ्याला चपटं करतो. ४.४ ते ४.९ मिनिटं एवढाच तुकडा घे, स्टँडर्ड आणि सॅम्पल एकावर एक ठेव आणि उजवा उतार बघ.

दुसरं स्पायकिंग. फेणीत एवढं मेथॅनॉल घाल की पीक साधारण दुप्पट होईल, आणि परत चालव. नुसतं मेथॅनॉलच असेल तर पीक तिथल्या तिथं उंच होईल, रुंदी तीच राहील. दुसरा कोणी असेल तर टोक डावीकडं ४.६२ कडं सरकेल आणि खांदा जास्त उघडा पडेल. पण एक लक्षात ठेव, दोघं अगदी तंतोतंत एकाच वेळी येत असतील तर स्पायकिंग तुला फसवेल, सगळं सुंदर दिसेल. म्हणून स्पायकिंग जुळलं म्हणजे 'विरोधात काही सापडलं नाही' एवढंच समजायचं.

तिसरं म्हणजे वेगळ्या स्वभावाचा कॉलम. ६२४ टाइपचा कॉलम तुमच्या डिपार्टमेंटला असेल, औषधांच्या रेसिड्युअल सॉल्व्हंटसाठी तो सगळीकडं असतो. त्याच्यावर मेथॅनॉल इथेनॉलच्या आधी अगदी सुरुवातीला निघतं आणि अ‍ॅसिटाल इथेनॉलनंतर बराच उशिरा. शेजारी बदलतात, तिथं मेथॅनॉलला त्रास अ‍ॅसिटाल्डिहाइडचा होऊ शकतो. पण दोन वेगळ्या कॉलमवर मेथॅनॉलचा आकडा सारखा आला तर दोन्हीकडं तेवढीच चूक होणं कठीण, आणि मग नाव द्यायला तुझ्याकडं भक्कम आधार असतो.

चौथं जीसी-एमएस, मिळालं तर. इथं पोरं एक चूक हमखास करतात. मशीनवर आधीच सेव्ह केलेली मेथड उघडतात, तिच्यात स्कॅन m/z ३५ किंवा ४० पासून सुरू होतो, हवेचे आयन नकोत म्हणून. मेथॅनॉलचे मुख्य आयन ३१ आणि ३२, म्हणजे ते रेकॉर्डच होत नाहीत, आणि मग रिपोर्टात येतं 'एमएसमध्ये मेथॅनॉल नाही'. शिवाय सॉल्व्हंट डीले लावलेला असेल तर त्या वेळेत फिलामेंटच बंद. म्हणून स्कॅन २९ पासून ठेव, आणि ३२ वर फार विसंबू नकोस कारण हवेतला ऑक्सिजन पण तिथंच आहे, ३१ बघ. अ‍ॅसिटालचा बेस पीक ४५, सोबत ७३ आणि १०३. ७३ म्हणजे रेणूतून इथॉक्सी गट गेला, १०३ म्हणजे मिथाइल गेला, आणि ११८ चा मॉलिक्युलर आयन जवळजवळ दिसत नाही, त्यानं घाबरायचं नाही. एकट्या ४५ वरून अ‍ॅसिटाल म्हणू नकोस, इथेनॉल पण ४५ देतं आणि ते मागं उभंच आहे. ७३ आणि १०३ दोन्ही हवेत. आणि स्पेक्ट्रम पीकच्या टोकावर एकदाच घेऊन थांबू नकोस. डाव्या कडेला एक, उजव्या कडेला एक असे दोन घे. डावीकडं ३१ आणि उजवीकडं ४५, ७३, १०३ असं निघालं तर एका पीकमध्ये दोघं आहेत हे तू डोळ्यांनी दाखवलंस. लायब्ररीचा मॅच ९२ आला म्हणून '९२ टक्के खात्री' असं मात्र लिहू नकोस, तो फक्त स्पेक्ट्रम किती सारखा दिसतो त्याचा गुण आहे.

आता लिहायचं कसं. समज, झूम करून खांदा दिसला आणि बाकीच्या तपासण्या अजून व्हायच्यात. मग मी असं लिहीन:

'सॅम्पलमध्ये ४.६६ मिनिटांना एक पीक दिसला. ४२.८ टक्के इथेनॉलमध्ये केलेल्या स्टँडर्डमध्ये मेथॅनॉल ४.६२ मिनिटांना येतं. इंटर्नल स्टँडर्डची वेळ दोन्ही रनमध्ये ०.०१ मिनिटाच्या आत जुळते. सॅम्पलमधला पीक स्टँडर्डपेक्षा रुंद असून त्याच्या मागच्या उतारावर शोल्डर आहे. पीकची वेळ मेथॅनॉलच्या जवळ आहे, मात्र सोबत दुसरा घटक असण्याची शक्यता असल्यामुळे या पीकच्या एरियावरून मेथॅनॉलचं प्रमाण काढलेलं नाही.'

बघ, यात कुठंही 'आढळलं' नाही तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं, आणि उद्या एमएस केल्यावर यातलं एकही वाक्य खोटं ठरणार नाही. पीक सुटे झाले आणि दुसऱ्या कॉलमवर जुळलं की मग बिनधास्त लिही, 'दोन वेगळ्या कॉलमवरच्या रिटेन्शन टाइमवरून हा पीक मेथॅनॉलचा ठरवला.' 'ठरवला' या शब्दाच्या आधी कशावरून ते आलंच पाहिजे, एवढा एक नियम मी आमच्या ट्रेनी मुलांना लावतो.

प्रमाणाबद्दल थोडंसं. एरिया टक्के छापून येतात ते वर्णनात टाकू नकोस. एफआयडी सगळ्यांना सारखा प्रतिसाद देत नाही, सारख्याच वजनाला मेथॅनॉल इथेनॉलपेक्षा कमी एरिया देतं, आणि पाणी तर त्याला दिसतच नाही, मग टक्के कशाचे? इंटर्नल स्टँडर्डशी रेशो काढून मिलिग्रॅम प्रति लिटर काढ आणि मग शुद्ध अल्कोहोलवर आण. समज, १२० मिलिग्रॅम प्रति लिटर निघालं आणि फेणी ४२.८ टक्क्यांची आहे, तर १२० भागिले ०.४२८ म्हणजे २८० मिलिग्रॅम प्रति लिटर शुद्ध अल्कोहोल, म्हणजेच शंभर लिटरमागं २८ ग्रॅम. कोणत्या आधारावर काढलं ते न लिहिता नुसता आकडा दिलास तर उर्राकची आणि फेणीची तुलना करणाऱ्याचा घोटाळा होणार, कारण एकदाच गाळलेला उर्राक बराच हलका असतो. आणि इंटिग्रेशन हातानं केलं असशील, बेसलाइन ओढली असशील, तर तसं लिही. इथेनॉलच्या पायथ्याशी बसलेल्या पीकमध्ये बेसलाइन कशी ओढली यानं आकडा चांगलाच फिरतो.

तुझ्या क्रोमॅटोग्राममध्ये ३-पेंटॅनॉलनंतर एक मोठा पीक असेल, आयसोअमाइल अल्कोहोलचा. तिथंही सांभाळ. २-मिथाइल आणि ३-मिथाइल-१-ब्युटॅनॉल वॅक्सवर जवळजवळ एकत्रच येतात, म्हणून 'आयसोअमाइल अल्कोहोल, दोन्ही आयसोमर मिळून' असं लिही. सुटे झाले नाहीत ते सुटे असल्यासारखे लिहू नयेत.

आणि जे दिसलं नाही त्याबद्दल. २०१८ मध्ये आपल्याकडं माशातल्या फॉर्मेलिनवरून केवढा गोंधळ झाला होता आठवतंय ना, त्यानंतर बरेच दिवस लोक मला विचारायचे की तुमच्या जीसीवर टाकून सांगा ना. एफआयडीच्या ज्योतीत फॉर्मल्डिहाइडचा प्रतिसाद जवळजवळ शून्य, म्हणजे कितीही असलं तरी रेषा सपाटच राहणार. त्याच्यासाठी डीएनपीएच बरोबर रिअ‍ॅक्शन करून एचपीएलसीवर ३६० नॅनोमीटरच्या आसपास बघतात. म्हणून 'नाही' असं कधीच लिहू नये, 'या पद्धतीनं, इतक्या डिटेक्शन लिमिटच्या वर दिसलं नाही' असं लिहायचं, आणि ती लिमिट तुझ्या स्वतःच्या रनमधल्या नॉइजवरून काढायची, पीकची उंची नॉइजच्या साधारण तिप्पट म्हणजे दिसण्याची हद्द, दहापट म्हणजे आकडा देण्याची हद्द. डिटेक्टरला ती वस्तू मुळात दिसतच नसेल तर तिच्याबद्दल रिपोर्टात काहीच लिहू नये.

अजून एक शेवटचं, मेथॅनॉल पक्कं झालं तरी 'भेसळ' हा शब्द तुझ्या निष्कर्षात येऊ देऊ नकोस. थोडं मेथॅनॉल फळाचंच आहे, ते भाटीवाल्यानं घातलेलं नाही. किती जास्त ते मर्यादेशी ताडून बघायचं.

आता तू एवढं कर, स्टँडर्ड इथेनॉल-पाण्यात परत कर, ब्लँक, स्टँडर्ड, सॅम्पल, स्पाइक केलेलं सॅम्पल, परत स्टँडर्ड या क्रमानं चालव, आणि ४.४ ते ४.९ चा झूम केलेला फोटो इथं टाक. फेणी किती महिन्यांची आहे आणि कशात ठेवली होती तेही लिही.